रेटिंग चांगलं, मग बोनस कमी कसा? टीम लीडने लिहायचा हिशेबाचा मेल

बोनसची स्लिप आली की पहिला प्रश्न एचआरकडे जात नाही, तो टीम लीडच्या टेबलाशी येतो. "सर, रेटिंग तर चार मिळालंय, मग एवढेच कसे ओ?" नव्याने टीम लीड झालेला माणूस इथे दोनपैकी एक करतो. एक तर "पॉलिसीप्रमाणे आहे" म्हणून हात वर करतो, नाहीतर पॉलिसीतलं सूत्र जसंच्या तसं मेलवर चिकटवतो. दोन्हींनी समोरच्याचं समाधान होत नाही, कारण त्याने सूत्र विचारलेलंच नसतं. त्याच्या डोक्यात एक आकडा असतो, स्लिपवर दुसरा असतो, आणि मधले पैसे कुठे गेले एवढंच त्याला कळायला हवं असतं.

म्हणून मेलची सुरुवात त्याच्या डोक्यातल्या आकड्यापासून करायची आणि एकेक पायरी उतरत स्लिपवरच्या आकड्याला पोचायचं. हे कसं करायचं ते एका उदाहरणावरून बघू. उदाहरण बेतलेलं आहे, पण वर्षाच्या अधेमधे रुजू झालेल्या माणसाच्या बाबतीत जे जे अडतं ते बहुतेक सगळं त्यात आहे.

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं क्वालिटी डिपार्टमेंट धरा. तिथली इंजिनिअर, नाव अमृता म्हणू, १४ जुलै २०२५ ला रुजू झाली. तेव्हा फिक्स्ड पगार वर्षाला ४,८०,०००. सहा महिन्यांचं प्रोबेशन संपून १४ जानेवारी २०२६ पासून ती कायम झाली आणि फिक्स्ड पगार ५,४०,००० झाला. टार्गेट बोनस फिक्स्ड पगाराच्या १० टक्के. बोनसचं वर्ष १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. रेटिंग ४, आणि पॉलिसीत चार रेटिंगला गुणक १.२ आहे. कंपनीच्या कामगिरीचा गुणक यंदा ०.९ जाहीर झालाय. नोव्हेंबरात तिची चार दिवसांची बिनपगारी रजा आहे. स्लिपवर आकडा आला ३७,८६८.

अमृताने मनातल्या मनात काय केलं असेल? पगार पाच लाख चाळीस हजार, त्याचे दहा टक्के चौपन्न हजार, रेटिंग चार म्हणजे एकशेवीस टक्के, म्हणजे ६४,८००. तिचं गणित चुकलेलं नाही. फक्त ते वर्षभर नव्या पगारावर, एकही दिवस खाडा न करता काम केलेल्या माणसाचं आहे, आणि कंपनीचं वर्ष ठरल्यासारखं गेलं असं धरून केलेलं आहे. फरक २६,९३२ रुपयांचा. मेलमध्ये या २६,९३२ चा हिशेब द्यायचा.

लिहायला बसण्याआधी चार कागद समोर घ्या: बोनस पॉलिसीचं त्या वर्षाचं पत्रक, नेमणूकपत्र, कायम केल्याचं किंवा पगारवाढीचं पत्र, आणि पेरोलकडून हजेरीचा बिनपगारी दिवसांचा उतारा. रेटिंग तुम्ही दिलेलं असलं तरी एचआरकडून अंतिम झालेलं पुन्हा बघून घ्या. विभागप्रमुखांच्या बैठकीत रेटिंगं वरखाली होतात, आणि तुम्ही चार लिहिलेलं वर जाऊन तीन झालेलं असू शकतं. अशा वेळी मेल पाठवून मग कळलं तर पंचाईत. पत्रक त्याच वर्षाचं हवं हेही तेवढंच महत्त्वाचं, कारण गुणक दरवर्षी बदलतात आणि सिस्टिमवर जुनी पीडीएफ तशीच पडून राहते.

आता दिवस. भांडणं सगळ्यात जास्त इथेच होतात.

रुजू झाल्याचा आणि वर्षाचा शेवटचा, असे दोन्ही दिवस मोजायचे. १४ जुलै ते ३१ मार्च हे २६१ दिवस होतात. एक्सेलमध्ये एका तारखेतून दुसरी नुसती वजा केली की २६० येतात, कारण वजाबाकीत पहिला दिवस गळतो. म्हणून शेवटी एक मिळवायचा:

```
=DATE(2026,3,31)-DATE(2025,7,14)+1
```

एका दिवसाने अमृताच्या बोनसमध्ये १४२ रुपयांचा फरक पडतो. रक्कम किरकोळ आहे, पण तिने कॅलेंडर घेऊन बोटांवर मोजलं आणि तुमचे दिवस एकाने कमी निघाले, तर पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा तिचा विश्वास उडाला म्हणून समजा.

वरच्या सूत्रात तारीख नुसती टाइप न करता DATE वापरलंय त्याचं कारण आहे. काही कॉम्प्युटरवर तारीख आधी महिना, मग दिवस अशी वाचली जाते. 14/07/2025 तिथे तारीख म्हणून घेतलीच जात नाही, डावीकडे सरकलेला मजकूर होऊन बसते, त्यामुळे चूक निदान दिसते तरी. पण कुणी ७ ऑगस्टला रुजू झाला असेल आणि 07/08/2025 टाइप केलं, तर एक्सेल गुपचूप ८ जुलै धरतं आणि त्याला महिनाभराचा जादा बोनस लागतो. अशी चूक पकडायची तर तारखेच्या सेलचं फॉरमॅट बदलून महिना अक्षरांत दिसेल असं करा. एका नजरेत कळतं.

भागाकार ३६५ ने की ३६६ ने, हे त्या बोनस वर्षात २९ फेब्रुवारी येतो का यावर ठरतं. २०२५-२६ मध्ये येत नाही. पुढचा येईल २०२७-२८ मध्ये, आणि त्या वर्षी जुनं शीट कॉपी करणाऱ्यांच्या पूर्ण वर्षवाल्यांना ३६५ पैकी ३६६ दिवस, म्हणजे शंभर टक्क्यांहून थोडा जास्त बोनस दिसेल.

काही कंपन्या दिवस धरतच नाहीत, महिने धरतात. त्यातही दोन तऱ्हा आहेत. काही ठिकाणी फक्त पूर्ण भरलेले महिने मोजतात. मग अमृताचे ऑगस्ट ते मार्च आठ महिने, बारापैकी आठ. काही ठिकाणी पंधरा तारखेपर्यंत रुजू झालेल्याला तो महिना पूर्ण देतात, मग नऊ. ५४,००० टार्गेटवर पहिल्या पद्धतीने ३६,०००, दुसऱ्या पद्धतीने ४०,५००, आणि दिवसांच्या पद्धतीने ३८,६१४ होतात. तिन्ही पद्धती चालतात, पण पत्रकात कुठली लिहिलीय ते वाचल्याशिवाय मेलमध्ये एक शब्दही लिहू नका. दुसऱ्या कंपनीतल्या मित्राचा हिशेब घेऊन येणारे असतात, त्यांचा घोळ बहुधा इथेच झालेला असतो.

बिनपगारी रजेचे दिवस आमच्या उदाहरणातल्या पॉलिसीप्रमाणे वजा होतात. पगारी रजा, साप्ताहिक सुट्टी, सणाच्या सुट्ट्या यांना हात लागत नाही. अमृताचं म्हणणं येईल की मी तीनच दिवस गेले नव्हते, चार कुठून आले? उताऱ्यावर २२ ते २५ नोव्हेंबर आहे. २२ ला शनिवार, २३ ला रविवार, मग सोमवार आणि मंगळवार. दोन्ही बाजूंना बिनपगारी रजा असली की मधली सुट्टीही बिनपगारी धरायची, असा नियम तिथे आहे. ऑफिसात त्याला सँडविच म्हणतात. हा नियम तुमच्या कंपनीत आहे की नाही ते रजेच्या पॉलिसीत बघावं लागतं, बोनसच्या पत्रकात सापडणार नाही. असेल तर मेलमध्ये तारखा आणि वार दोन्ही द्या, म्हणजे प्रश्न तिथेच मिटतो. प्रसूती रजेच्या बाबतीत मात्र स्वतःच्या अंदाजाने दिवस कापायला जाऊ नका. ती पगारी रजा आहे, आणि कुणी ती चुकून बिनपगारी रकान्यात टाकली असेल तर आधी एचआरकडून दुरुस्त करून घ्या, मेल नंतर.

पुढचा मुद्दा पगाराचा. वर्षात पगार बदलला की बोनसचे तुकडे पडतात. गावाकडे दूध संस्थेचा दिवाळीचा फरक वर्षभर घातलेल्या दुधावर मिळतो, शेवटच्या महिन्यात म्हैस जास्त द्यायला लागली म्हणून सगळं वर्ष त्या लिटरांनी मोजत नाहीत. तसंच हे. १४ जुलै ते १३ जानेवारी हे १८४ दिवस जुन्या पगाराचे, त्यातून नोव्हेंबरातले चार गेले की १८०. १४ जानेवारी ते ३१ मार्च हे ७७ दिवस नव्या पगाराचे. १८४ आणि ७७ मिळून २६१ होतात का, हे आधी ताडून बघायचं. पगारवाढीचा दिवस दोन्ही तुकड्यांत मोजला जाणं किंवा दोन्हींतून गळणं ही नेहमीची चूक, आणि बेरीज २६२ किंवा २६० आली की ती लगेच कळते.

जुन्या पगारावर टार्गेट ४८,०००. त्याचे १८० दिवसांचे २३,६७१.२३. नव्या पगारावर टार्गेट ५४,०००, त्याचे ७७ दिवसांचे ११,३९१.७८. मिळून ३५,०६३.०१. काही पत्रकांत '३१ मार्चच्या पगारावर' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे तुकडे पाडायचे नाहीत, सगळे दिवस नव्या पगारावर.

पगार म्हणजे कुठला पगार, हेही एकदा बघा. नेमणूकपत्रावर सीटीसीचा मोठा आकडा असतो, त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बऱ्याचदा हा टार्गेट बोनससुद्धा मिळवलेला असतो. दहा टक्के सीटीसीवर काढले तर बोनसवरच बोनस निघतो. अमृताने फिक्स्डवर काढले होते, पण निम्मे लोक सीटीसीवर काढून येतात आणि मग त्यांचा सुरुवातीचा आकडाच फुगलेला असतो. त्यांच्या मेलमध्ये ही पायरी सगळ्यात आधी घालायची.

रेटिंगचा गुणक दिवसांवर अवलंबून नसतो, तो पूर्ण लागतो. ३५,०६३.०१ ला १.२ ने गुणलं की ४२,०७५.६१, आणि त्याला कंपनीच्या ०.९ ने गुणलं की ३७,८६८.०५. वरचे पाच पैसे सोडले की ३७,८६८ राहिले. स्लिप बरोबर आहे.

इथे टीम लीडने स्वतःलाच एक प्रश्न विचारायला हवा. रेटिंगच्या वेळी "नवीन आहे, आठ-नऊ महिनेच झालेत" म्हणून तुम्ही पाचाचं चार केलं होतं का? केलं असेल तर त्या माणसाला एकाच कारणासाठी दोनदा मार बसला, एकदा दिवसांत आणि एकदा रेटिंगमध्ये. दिवसांची कपात कमी दिवस भरल्याबद्दल असते. रेटिंग त्या दिवसांत काम कसं झालं त्यावर द्यायचं. हे बोनसच्या मेलमध्ये दुरुस्त होत नाही, पण पुढच्या रेटिंगला ध्यानात ठेवण्यासारखं आहे. अमृताच्या फाइलवर असं काही नाही असं धरून पुढे जाऊ.

मेल असा होईल:

विषय: २०२५-२६ चा बोनस: तुमचा हिशेब

नमस्कार अमृता,

काल तुम्ही विचारलंत की रेटिंग ४ असताना बोनस ३७,८६८ कसा आला. तुम्ही धरलेला आकडा ६४,८०० होता: ५,४०,००० चे १० टक्के, त्याला रेटिंगचा गुणक १.२. वर्षभर याच पगारावर काम झालं असतं आणि कंपनीचा गुणक १ असता तर तेवढेच मिळाले असते. तिथून आकडा खाली कसा आला ते क्रमाने लिहितो.

१. तुम्ही १४ जुलैला रुजू झालात. बोनसच्या वर्षातले ३६५ पैकी २६१ दिवस तुमचे. ६४,८०० चे ४६,३३६ झाले. (१८,४६४ कमी)

२. १४ जुलै ते १३ जानेवारी या १८४ दिवसांत तुमचा फिक्स्ड पगार ४,८०,००० होता, त्यामुळे त्या दिवसांचा बोनस त्याच पगारावर. ४६,३३६ चे ४२,७०७ झाले. (३,६२९ कमी)

३. २२ (शनिवार) ते २५ नोव्हेंबर (मंगळवार) हे चार दिवस हजेरीत बिनपगारी आहेत. मधला रविवार रजेच्या नियमाप्रमाणे त्यात धरला गेलाय. ४२,७०७ चे ४२,०७६ झाले. (६३१ कमी)

४. कंपनीचा यंदाचा गुणक ०.९ आहे, तो सगळ्यांना सारखाच. ४२,०७६ चे ३७,८६८ झाले. (४,२०८ कमी)

एकूण २६,९३२ कमी होऊन ३७,८६८.

तुमचं रेटिंग यात पूर्ण धरलेलं आहे, दिवस कमी म्हणून ते कमी केलेलं नाही. रेटिंग ३ असतं तर गुणक १ लागून हाच बोनस ३१,५५७ आला असता. चारमुळे ६,३११ जास्त मिळालेत.

३७,८६८ ही कर कापण्याआधीची रक्कम आहे. करासंबंधी काही विचारायचं असेल तर पेरोलकडे विचारावं, त्यांना तुमची करपद्धतीची निवड माहीत असते.

रुजू तारीख, १४ जानेवारीचं पत्र किंवा नोव्हेंबरातली रजा यांपैकी काही तुमच्या कागदांशी जुळत नसेल तर शुक्रवारपर्यंत मला सांगा. पेरोलचं पुढचं काम सोमवारी सुरू होतं, त्याआधी तपासून घेता येईल.

आपला,
संदीप

एवढाच. पॉलिसीचा परिच्छेद चिकटवायची गरज नाही. मागितला तर द्यायचा.

या मेलमधल्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे. हे सगळे गुणाकार आहेत, म्हणून शेवटचा आकडा कुठल्याही क्रमाने तोच येतो. पण प्रत्येक पायरीला किती रुपये गेले हे क्रम बदलला की बदलतं. कंपनीचा गुणक पहिल्यांदा लावला असता तर त्या ओळीत ६,४८० कमी दिसले असते, शेवटी लावल्यावर ४,२०८ दिसतात. दोन्ही बरोबर आहेत. म्हणूनच टीममधल्या सगळ्यांच्या मेलमध्ये क्रम एकच ठेवायचा: आधी माणसाच्या स्वतःच्या नोंदी (रुजू तारीख, पगार, रजा), शेवटी सगळ्यांना सारखा असलेला गुणक. माणसं मेल शेजारी ठेवून ताडतात. एकाच्या मेलमध्ये क्रम वेगळा असला की 'तुझे कंपनीने जास्त कापले' अशी चर्चा चहाच्या टपरीवर सुरू होते आणि ती मेलने आवरत नाही.

पूर्णांकांचंही एक तंत्र आहे. प्रत्येक कपात स्वतंत्रपणे पूर्ण रुपयांत केली तर १८,४६४, ३,६३०, ६३१ आणि ४,२०८ येतात, म्हणजे बेरीज २६,९३३. एक रुपया जास्त. म्हणून पूर्ण रुपयांत करायची ती प्रत्येक पायरीनंतरची शिल्लक, आणि कपात काढायची ती दोन शिलकींच्या वजाबाकीने. वरच्या मेलमध्ये दुसऱ्या पायरीला ३,६३० ऐवजी ३,६२९ दिसतात ते त्यामुळेच. खरा हिशेब मात्र शेवटपर्यंत पैशांसह चालवायचा आणि पूर्णांक एकदाच, अगदी शेवटी. मधेच पूर्णांक करत गेलात तर कधी कधी स्लिपशी एका-दोन रुपयांनी जुळत नाही, आणि एक रुपया न जुळलेला हिशेब कोल्हापूरकर सोडत नाही.

मेलमध्ये दुसऱ्या कुणाचं नाव, रेटिंग किंवा रक्कम येऊ द्यायची नाही, हे सांगायला नको. पण जिथे ते नकळत जातं ती जागा सांगायला हवी. पेरोलकडून आलेल्या शीटमध्ये सगळी टीम असते. टीम लीड फिल्टर लावून एकच ओळ दिसेल असं करतो आणि फाइल जोडतो. समोरच्याने फिल्टर काढला की सगळ्यांचे पगार उघडे. ओळी लपवून ठेवल्या तरी तेच. फाइल जोडायचीच नाही. आकडे मेलच्या मजकुरात टाइप करायचे, किंवा एका माणसाची नवी शीट करून तिची पीडीएफ. आणि प्रत म्हणून फक्त एचआर, टीमचा ग्रुप नाही. पाठवण्याआधी पेरोलमधल्या माणसाला फक्त आकडे दाखवून होकार घ्या. तुमची आणि त्यांची शिल्लक एखाद्या पायरीला वेगळी निघाली, तर ते मेल जाण्याआधी कळलेलं बरं.

मेल गेल्यावर उलट प्रश्न येतात त्यातले दोन नेहमीचे आहेत.

पहिला दिवाळीचा. "खाली शॉपवर तर दिवाळीला बोनस मिळाला, आम्हाला का नाही?" तो बोनस वेगळा. तो १९६५ च्या बोनस कायद्यातून आलेला आहे, किमान ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के, आणि तो महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी होता. वर्षात किमान ३० दिवस काम केलेलं असावं लागतं. कायद्यातल्या या तरतुदी आता वेतन संहितेत गेल्यात, ८.३३ आणि २० हे आकडे तिथेही तेच आहेत. अमृताचा पगार रुजू होतानाच महिना ४०,००० होता, म्हणून ती त्यात बसत नाही. तिला मिळतो तो नेमणूकपत्रातल्या कराराने मिळणारा बोनस. त्यामुळे तिथे रेटिंग लागत नाही, इथे का लागतं, अशी तुलना करण्यात अर्थ नाही. टीममध्ये कुणी २१,००० च्या आतला असेल तर मात्र त्याचा प्रश्न स्वतः सोडवू नका, एचआरकडे द्या. कायद्याने मिळणाऱ्या किमान बोनसला रेटिंगचा गुणक लावून तो कमी करता येत नाही.

दुसरा प्रश्न कराचा: "खात्यावर कमी जमा झाले." आधी विचारायचं, किती कमी. अमृताने नवी करपद्धती घेतली असेल तर पगारदाराला साधारण बारा लाख पंचाहत्तर हजारांपर्यंत कर लागत नाही, म्हणजे तिच्या बोनसमधून कर कापला जायला नको. कापला असेल तर तिने जुनी पद्धत निवडल्याची नोंद पेरोलकडे आहे का ते बघायला सांगा. जुन्या पद्धतीत एक गोम आहे. करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. बोनसने ते पाच लाखांच्या वर गेलं की सूटच जाते आणि बारा हजारांच्या वर कर एकदम उभा राहतो. माणसाला वाटतं बोनसवर भरमसाट कर लावला, पण खरं तर सगळ्या वर्षाच्या उत्पन्नावरची सूट गेलेली असते. यापलीकडे टीम लीडने कराच्या आकड्यांत शिरू नये. आणखी एक: २०२५-२६ च्या कामाचा बोनस जून २०२६ मध्ये जाहीर होऊन मिळाला, तर तो २०२६-२७ च्या उत्पन्नात धरला जातो. गेल्या वर्षाच्या फॉर्म १६ मध्ये तो दिसला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. व्यवसाय कर बोनसमुळे वाढत नाही. तो महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, नेहमीचाच.

कधी कधी समोरच्याचं बरोबर निघतं. समजा अमृताने सोमवार-मंगळवारच्या पगारी रजेचा मंजुरीचा मेल दाखवला आणि हजेरीत ते दोन दिवस चुकून बिनपगारी लागलेले निघाले. मग फक्त शनिवार बिनपगारी राहतो, आणि रविवारच्या पुढे पगारी रजा आल्यामुळे तोही आपोआप सुटतो. म्हणजे चारऐवजी एकच दिवस कापायचा. पहिला तुकडा १८० ऐवजी १८३ दिवसांचा. बोनस ४२६ रुपयांनी वाढून ३८,२९४ होतो. त्या तीन दिवसांचा कापलेला पगारही परत द्यावा लागतो, आणि तो बोनसच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. आधी हजेरी दुरुस्त करून घ्यायची, मग पेरोलला बोनस पुन्हा काढायला सांगायचा, आणि मगच अमृताला लिहायचं. उत्तर जुन्या मेलखाली 'तिसरी पायरी अशी वाचावी' म्हणून देऊ नका. चारही पायऱ्या नव्या आकड्यांनी पुन्हा लिहा, वर एक ओळ टाका की हा मेल आधीच्या ऐवजी आहे, आणि फरकाचे ४२६ कुठल्या महिन्याच्या पगारात एरियर म्हणून दिसतील ते महिन्याच्या नावासह सांगा.